मदत हवी आहे: एकाच चाचणीचे दोन अहवाल, पालकांना नेमके काय सांगावे?

खाडीकाठ: गुहागर तालुक्यातील एका शाळेत मी सहावीला गणित शिकवते. दशांश अपूर्णांकांवर 25 गुणांची चाचणी घेतली, तेव्हा वीस मुलांचे गुण असे आले: 22, 21, 20, 20, 18, 18, 18, 17, 17, 16, 16, 15, 15, 14, 13, 12, 11, 10, 9, 7. वीस किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर घटक पक्का झाला असे मानायचे, हे मी चाचणीपूर्वीच ठरवले होते आणि त्या निकषाला चारच मुले उतरली. मुख्याध्यापकांना मात्र पालकसभेत क्रमवारी सांगायची आहे.

माझी अडचण 18 गुणांच्या एका मुलीची आहे. तिच्या खाली तेरा मुले आहेत. बरोबरीच्या तिघांचा अर्धा वाटा धरला तर तिचे शतमक, म्हणजे पर्सेंटाइल, 72.5 येते. म्हणजे इतर मुलांशी तुलना करणाऱ्या मानक-संदर्भित अहवालात ती वर्गात चांगलीच वर आहे आणि ठरवलेल्या निकषाशी ताडणाऱ्या निकष-संदर्भित अहवालात तिला घटक आलेला नाही. तिची आई वेलदूरला मासळी विकते आणि मुलीच्या अभ्यासाची फार आस्थेने चौकशी करते. त्यांना यातले कोणते सांगू?

चिपळूणचा_पालक: शतमक देऊच नये असे माझे मत आहे. माझ्या मुलीला सीईटीत 88 पर्सेंटाइल मिळाले, तेव्हा घरातील सर्वांनी ते 88 टक्के गुण समजून पेढे वाटले. तिचे प्रत्यक्ष गुण त्याहून बरेच कमी होते, हे समजावून सांगताना तिलाच अपराधी वाटू लागले.

सागरी_महामार्ग: यात गोंधळण्यासारखे काही नाही. दहावीला 35 गुणांना उत्तीर्ण करतात, ते निकष-संदर्भित. प्रवेशासाठी गुणवत्ता यादी लावतात, ती मानक-संदर्भित. कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे पहिला येतो, म्हणजे आपली मुले निकषावरही पुढेच आहेत. आपण 20 ऐवजी 15 ची रेषा ठेवा, तेरा मुले उत्तीर्ण होतील.

निवृत्त_गणितशिक्षक: यादीबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, पण रेषा आखली म्हणून निकष तयार होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्लेसर यांनी 1963 मध्ये हा भेद मांडला, तेव्हा त्यांचा भर विद्यार्थी नेमके काय करू शकतो याच्या वर्णनावर होता. उत्तीर्णतेच्या रेषेला लोकांनी पुढे नको तितके महत्त्व दिले. 35 गुण मिळालेल्या मुलाला कोणती गणिते येतात, हे त्या आकड्यावरून कोणी सांगू शकेल का? बाईंच्या 20 गुणांनाही हाच प्रश्न लागू होतो.

बाई, समजा आपण पुन्हा शिकवले आणि सर्वांचे तीन-तीन गुण वाढले. निकषाला उतरणारी मुले चारांची नऊ होतील, पण प्रत्येकाचे शतमक तसूभरही हलणार नाही, कारण सारा वर्ग एकदम वर सरकला. आपण शिकवल्याचा परिणाम क्रमवारीत दिसणारच नाही. त्या मुलीचे भागवार गुण आपल्याकडे आहेत का?

खाडीकाठ: आहेत. स्थानिक किमतीत 10 पैकी 10, दशांशस्थळे सारखी असलेल्या बेरीज-वजाबाकीत 10 पैकी 8 आणि असमान दशांशस्थळांच्या वजाबाकीत 5 पैकी 0. तिने 7.5 मधून 2.35 वजा करून 5.30 असे उत्तर लिहिले आहे.

निवृत्त_गणितशिक्षक: मग दुखणे सापडले. तिने 7 मधून 2 वजा केले आणि 35 मधून 5. बिंदूनंतरचा भाग ती स्वतंत्र पूर्ण संख्या म्हणून वाचते. 3.47 मधील 4 ची स्थानिक किंमत पाठांतरानेही सांगता येते, त्यामुळे तिथे हा गैरसमज झाकला गेला. 6.5 मोठे की 6.35, असा एखादा प्रश्न चाचणीत असता तर तो तिथेच उघडा पडला असता. आता 20 आणि त्यावरील गुणांच्या मुलांचाही तिसरा भाग पाहा.

खाडीकाठ: पाहिला, आणि मन खट्टू झाले. 20 गुणांच्या दोघांपैकी एकाचे गुण 10, 9 आणि 1 असे आहेत. त्याला मी "घटक पक्का" असा शेरा देऊन बसले होते.

निवृत्त_गणितशिक्षक: एकूण गुणांवर रेषा आखली की असे होते, एका भागातील भरपूर गुण दुसऱ्या भागातील उणीव झाकतात. म्हणून निकष प्रत्येक कौशल्याला वेगळा ठेवा. मात्र पाचच प्रश्नांवरून ठाम निर्णयही देऊ नका, कारण पाचापैकी तीन आणि चार यांतला फरक एका निसटत्या चुकीचाही असू शकतो. तिसऱ्या भागावर आणखी आठ-दहा गणिते द्या. तिच्या आईला शतमक न सांगता असे सांगा की बिंदूनंतर अंक सारखे असले की हिला हिशेब येतो, कमीजास्त असले की चुकतो. साडेसात किलोतून दोन किलो साडेतीनशे ग्रॅम विकल्यावर किती उरले, हा हिशेब त्या रोज करत असतील.

सागरी_महामार्ग: हे पटले. पण शिष्यवृत्ती परीक्षेला कोणाला बसवायचे, हे क्रमवारीशिवाय कसे ठरवणार?

निवृत्त_गणितशिक्षक: जागा मोजक्या असतील तर क्रमवारीच लागते, त्याला माझा विरोध नाही. मात्र वीस मुलांच्या वर्गातले शतमक त्या वर्गापुरतेच असते; तीच मुलगी रत्नागिरीतल्या एखाद्या मोठ्या शाळेत बसली तर तिचे स्थान बदलेल, 7.5 वजा 2.35 चे तिचे उत्तर बदलणार नाही.

खाडीकाठ: सोमवारी दहा गणितांची चाचणी घेते आणि भागवार तक्ता करते. मुख्याध्यापक क्रमवारीवर ठाम आहेत. सभेपूर्वी त्यांना तो 10, 9, 1 चा पेपर दाखवणार आहे.