मदत हवी आहे: डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचंय, मुदत २१ मार्चला संपतेय

हळदवाली_सांगली (३ मार्च)
आमच्या दुकानाचं .com डोमेन एका मुलाने २०१९ साली घेऊन दिलं होतं. तो आता बंगळुरूला असतो. त्याने लॉगिन दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नूतनीकरणाचा दर दरवर्षी वाढतोय, म्हणून डोमेन दुसरीकडे न्यायचंय. २८ फेब्रुवारीला मी खात्यात जाऊन मालकाच्या रकान्यात त्याच्या ईमेलऐवजी माझा टाकला. काल अनलॉकचं बटण दाबलं तर ते होतच नाही. ट्रान्सफर कोडही मिळत नाही, "६० दिवस" असं काहीतरी लाल अक्षरांत येतंय. मुदत २१ मार्च २०२६ ला संपते. व्हूइजमध्ये हे दिसतंय:

```
Registry Expiry Date: 2026-03-21T09:12:44Z
Domain Status: clientTransferProhibited
```

आता काय करू? ऑर्डरी याच साइटवरून येतात.

कोकणी_माणूस
माझंही असंच झालं होतं. मी सगळ्या फाइल्स एफटीपीने उतरवून घेतल्या, नव्या होस्टिंगवर चढवल्या, डेटाबेस इम्पोर्ट केला आणि झालं. एका रात्रीचं काम आहे, घाबरू नका.

हळदवाली_सांगली
दादा, होस्टिंग आहे तिथेच राहणार आहे. मला फक्त डोमेन हलवायचंय.

बिनधास्त_बंड्या
ताई, जुन्याकडे एक रुपयाही भरू नका. ट्रान्सफर केलं की मुदत आपोआप एक वर्ष वाढते. आधी रिन्यू केलंत तर दोनदा पैसे जातील. मी नेहमी शेवटच्या आठवड्यात हलवतो.

नेमसर्व्हर_नाना
बंड्या, वर्ष वाढतं हे खरं, पण ट्रान्सफर पूर्ण झाल्यावर. इथे ते सुरूच होणार नाहीये. मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की .com वर ६० दिवसांचं कुलूप बसतं. चोराने खातं हडपून डोमेन लगेच पळवू नये, हा त्यामागचा हेतू. काही रजिस्ट्रार बदल करतानाच "हे कुलूप नको" अशी खूण करू देतात. ताईंनी ती केली नसावी. घाईत कोण वाचतं.

आता हिशोब बघा. २८ फेब्रुवारीपासून ६० दिवस म्हणजे २९ एप्रिल. मुदत त्याच्या जवळजवळ सहा आठवडे आधी संपतेय. म्हणून ताई, आजच जुन्याकडे एका वर्षाचे पैसे भरा. ते बुडत नाहीत. मुदत २१ मार्च २०२७ होईल आणि नंतर ट्रान्सफर केल्यावर २०२८. बंड्या म्हणतो तसे पैसे बुडतात ते मुदत उलटल्यावर रिन्यू करून ४५ दिवसांच्या आत हलवलं तर. तेव्हा जुन्याकडे भरलेलं वर्ष डोमेनमध्ये धरलंच जात नाही.

आणखी एक. पैसे भरल्यावर व्हूइज २१ मार्चच्या *आधी* बघा. मुदत संपली की रजिस्ट्री तारीख स्वतःहून वर्षभर पुढे सरकवते, पैसे भरलेले असोत वा नसोत. त्यानंतर २०२७ दिसलं म्हणून निश्चिंत राहिलेले लोक मी पाहिलेत. साइट बंद पडल्यावर त्यांना कळलं.

बिनधास्त_बंड्या
अच्छा, म्हणजे मागच्या वर्षी माझं एक वर्ष असंच गेलं होतं! मला वाटायचं नव्या कंपनीने फसवलं.

हळदवाली_सांगली
पैसे भरले. व्हूइजमध्ये २०२७ आलं, २१ मार्चला अजून अठरा दिवस आहेत. २९ एप्रिलनंतर नेमकं काय करायचं?

नेमसर्व्हर_नाना
अनलॉक करा, कोड मागा. रजिस्ट्रारने तो पाच दिवसांत द्यायलाच हवा. नव्या ठिकाणी कोड चिकटवताना मागे-पुढे एखादी रिकामी जागा येत नाही ना बघा. "अवैध कोड" असं येण्याचं ते नेहमीचं कारण. जुन्या रजिस्ट्रारचं मेल येईल, त्यात मंजुरी दिलीत तर लवकर होतं. काहीच केलं नाहीत तरी साधारण पाच दिवसांत आपोआप जातं. मात्र तुमचे नेमसर्व्हर जुन्या रजिस्ट्रारचेच असतील, तर ट्रान्सफरनंतर ते कधीही बंद होऊ शकतात. म्हणून ए आणि एमएक्स रेकॉर्ड आधी नव्याकडे हुबेहूब भरून ठेवा, नेमसर्व्हर बदला, दोन दिवस जाऊ द्या आणि मगच कोड वापरा.

रत्नागिरीकर
मध्येच विचारतो, सपोर्टला विनंती केली तर ते कुलूप लवकर काढतात का? माझंही अडकलंय.

नेमसर्व्हर_नाना
काही काढतात, काही स्पष्ट नाही म्हणतात. एकदा बसलेलं काढणं त्यांना बंधनकारक नाही. विचारून बघा.

हळदवाली_सांगली
माझ्या रजिस्ट्रारला विचारलंय, अजून उत्तर नाही. आमचं info@ मेल याच डोमेनवर आहे हे आत्ता लक्षात आलं. मालकाच्या रकान्यात जीमेल टाकलंय ते बरंच झालं म्हणायचं.