मदत हवी आहे: नोकरी सुटलेला मुलगा घरीच असतो, त्याला नेमकं काय आणि कसं सांगायचं?

अबोली
मुलगा २६ वर्षांचा आहे, नोकरी सुटून दहा महिने झाले. सुरुवातीला दमलाय म्हणून आम्ही काही बोललो नाही. आता रोज साडेनवाला त्याच्या मोबाईलचा गजर वाजतो, तो झोपेतच बंद करतो आणि मग मी तीन-चारदा दार वाजवते. संध्याकाळी हे घरी आले की पहिला प्रश्न, "काही झालं का?" तो "बघतोय" म्हणून खोलीत जातो. "घरात जरा लक्ष घाल" म्हटलं, तर एक दिवस भांडी घासली, पुन्हा जैसे थे. हे म्हणतात पैसे बंद कर. मला ते जमेल असं वाटत नाही. भांडण न होता स्पष्ट कसं बोलायचं?

जुना_वाचक
ताई, एक तारीख ठरवा आणि सांगा, त्यानंतर स्वतःची सोय बघ. लाडामुळेच मुलं बसून राहतात. मी विसाव्या वर्षी घर सोडलं होतं.

निशिगंध
कुटुंबांचं समुपदेशन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तारीख हवी हे काकांचं बरोबर आहे. पण घर सोडायची धमकी देऊन ती पाळली नाही, तर पुढचा प्रत्येक शब्द पोकळ ठरतो. जे तुमच्या हातून खरोखर होणार आहे तेवढंच बोला.

आधी तुम्ही दोघं एका मतावर या, त्याच्या माघारी. आई दार वाजवते आणि बाबा पैसे बंद करायचं म्हणतात, यातून मुलाला एवढंच कळतं की अजून काही ठरलेलं नाही.

दुसरं, "लक्ष घाल" ही अपेक्षा नाही, ती तक्रार आहे. झालं की नाही हे दोघांनाही सारखंच दिसेल असं काम सांगा. "रात्रीची भांडी झोपण्याआधी तुझी, सोमवार ते शनिवार" हे दिसतं. नोकरीचंही तसंच. नोकरी मिळवणं त्याच्या एकट्याच्या हातात नाही, अर्ज पाठवणं आहे. म्हणून आठवड्याला पाच अर्ज आणि ओळखीतल्या एका माणसाशी बोलणं, असं ठरवा. आकडा त्यालाच सुचवू द्या. तो तीन म्हणाला तर तीनवर सुरू करा. मग रविवारी वीस मिनिटं बसून विचारायचं, इतर सहा दिवस विषय काढायचा नाही.

तिसरं, तुम्ही स्वतः काय बंद करणार तेही सांगा. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांचा याच गोष्टीवर भर आहे: मुलाला बदलायला लावण्यापेक्षा पालकांनी स्वतःचं वागणं बदलावं. तुमच्या बाबतीत ते दार वाजवणं. "सोमवारपासून मी तुला उठवणार नाही, तुला जमेल याची मला खात्री आहे," एवढंच म्हणा, आणि मग खरंच उठवू नका. पहिले काही दिवस तो बारालाच उठेल. तिथेच बहुतेक आया हरतात.

पाऊलवाट
माझी मुलगी पदव्युत्तर शिक्षण घेतेय, तीही घरीच असते. तिलाही असे नियम लावावेत का?

निशिगंध
तुमची गोष्ट वेगळी आहे, तिच्या शिक्षणाला ठरलेला शेवट आहे. घरकामाची वाटणी मात्र जरूर करा.

सावली
मी या प्रश्नातला मुलगाच होते म्हणा ना. दीड वर्ष आईबाबांकडे होते. "काही झालं का?" ऐकायला नको म्हणून बाबांच्या गाडीचा आवाज आला की दिवा बंद करून पडून राहायचे. पुढे रविवारचं ठरलं आणि बाकीचे दिवस मी बाहेर येऊन त्यांच्याबरोबर बसायला लागले. अर्ज लगेच वाढले नाहीत, पण बोलणं सुरू झालं.

निशिगंध
अबोलीताई, एक विचारायचं राहिलं. तो मित्रांना भेटतो का, अंघोळ, जेवण वेळेवर होतं का? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर नियमांआधी डॉक्टर. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर त्याच दिवशी.

अबोली
मित्रांशी फोनवर हसतो-बोलतो, जेवणही ठीक आहे. तरी लक्ष ठेवते.

काल आम्ही तिघं बसलो. आधी तासभर आम्ही दोघंच बोललो, तेच जड गेलं. भांडी त्याने लगेच मान्य केली. अर्ज चार म्हणाला, आम्ही हो म्हटलं. कागदावर लिहून फ्रिजवर लावूया म्हटलं तर चिडला, "मी शाळेत आहे का?" शेवटी त्याच्याच फोनमध्ये लिहून त्याने आम्हा दोघांना पाठवलं. आज साडेनवाला गजर वाजला, बंद झाला. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले, गेले नाही. साडेअकराला उठला.

फोनचं बिल मात्र अडलंय. ह्यांना पुढच्या महिन्यापासून ते थांबवायचंय. मला वाटतं, अर्ज करायला फोन लागतोच.

जुना_वाचक
बिल तुम्हीच भरा, वरखर्चाचे पैसे थांबवा.

निशिगंध
फोनबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. वरखर्चाचा निर्णय आत्ता नको, चार रविवार जाऊ द्या. तोवर भांडी राहिली तर ती तशीच राहू द्या, तुम्ही घासू नका.

अबोली
सकाळी भरलेलं सिंक बघून हे त्याच्यावर ओरडले तर?