स्टेजिंग म्हणजे नुसतं थेर आहे का?

रविवार_कारंजा: परवापासून तिघांनी मला स्टेजिंगचं कीर्तन ऐकवलं. म्हणे आधी साइटची वेगळी कॉपी काढा, अपडेट तिच्यावर तपासा, मगच लाइव्हवर. अहो, दुकानाची वर्डप्रेसची साइट आहे, उपग्रह नाही सोडायचा. बॅकअप प्लगइन रोज रात्री १२ ला बॅकअप घेतं. मी सगळी प्लगइन्स टिक करतो, अपडेट दाबतो, चहा मारतो. बिघडलं तर रिस्टोर. सहा वर्षांत दोनदाच बिघडलं. कुठे चुकतो ते सांगा.

सातपूर_आबा: रिस्टोरमध्ये चुकतोस. बॅकअप रात्री १२ चा. तू अपडेट दाबलंस संध्याकाळी ५ ला आणि साडेसहाला फोन आला की चेकआउट नुसतं गोल फिरतंय. केलंस रिस्टोर. मग १२ पासून साडेसहापर्यंतच्या ऑर्डरी कुठे गेल्या? पैसे पेमेंट गेटवेकडे जमा, गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये ऑर्डर नंबर, आणि तुझ्या पॅनेलमध्ये ठणठणाट. त्या दोन दिवसांचा गेटवेचा हिशोब काढ आणि ऑर्डरींशी ताडून बघ. मग सांग दोनदाच की काय ते.

रविवार_कारंजा: मग रिस्टोर नाही करणार, प्लगइनचं जुनं व्हर्जन टाकीन. झालं?

सातपूर_आबा: नाही झालं. ज्यावर तुझं दुकान चालतं त्या वू-कॉमर्स प्लगइनचं मोठं अपडेट डेटाबेसलाही हात लावतं. जुनं व्हर्जन टाकलंस तर कोड मागे येतो, बदललेली टेबलं येत नाहीत.

पंचवटी_ग्राफिक्स: आबा बरोबर बोलतायत. म्हणूनच मी कॉपी काढतो, तिच्यावर अपडेट करतो, तीन दिवस तपासतो आणि सगळं ठीक वाटलं की होस्टिंगच्या पॅनेलमधून पुश टू लाइव्ह. एक बटण. लोक उगाच बाऊ करतात.

सातपूर_आबा: हे तर त्याच्याहून वाईट! आणि हा शहाणपणा मी स्वतःच्या खिशातून घेतलाय. पिंपळगावकडचं एक गिऱ्हाईक, बेदाणे आणि मनुका विकणारं. दिवाळीच्या तोंडावर मंगळवारी रात्री कॉपी काढली, तपासली, शुक्रवारी रात्री तुझं ते एक बटण दाबलं. शनिवारी सकाळी पॅकिंगची मुलगी हातात दोन स्लिपा घेऊन उभी. दोन्हींवर ऑर्डर ४१२७. एक गुरुवारची, धुळ्याच्या बाईंची. दुसरी त्याच सकाळची, भलत्याच माणसाची. मंगळवारचा डेटाबेस लाइव्हवर बसला होता, नंबर तिथूनच पुन्हा सुरू झाले.

मधल्या २३ ऑर्डरी गायब. होस्टिंगच्या गुरुवार रात्रीच्या बॅकअपमधून १७ मिळाल्या, तोही वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडून, लाइव्हवर नव्हे. उरलेल्या ६ शुक्रवारच्या. त्यांतल्या ४ गेटवेच्या यादीत होत्या. २ कॅश ऑन डिलिव्हरी, त्या गेटवेला दिसणार कशा? मालकाच्या मेलमधल्या 'नवीन ऑर्डर'च्या मेलांवरून हाताने टाकल्या.

तेव्हापासून स्टेजिंगवरून लाइव्हवर मी फक्त वहीतलं पान नेतो. कुठलं प्लगइन कुठल्या व्हर्जनवरून कुठल्यावर, कोणत्या क्रमाने, नंतर कुठली सेटिंग परत लावावी लागली. तेच रात्री लाइव्हवर पुन्हा हाताने करायचं:

```
wp db export ../agodar.sql
wp plugin update woocommerce --version=X.Y.Z
wp wc update
```

एक्सपोर्ट साइटच्या फोल्डरच्या बाहेर, नाहीतर कोणीही ब्राउझरमधून उतरवून घेईल. मग ती फाइल आपल्या मशीनवर आणायची. व्हर्जन तपासलेलंच लिहायचं, कारण मधल्या तीन दिवसांत नवीन आलेलं असतं. फाइल्सची कॉपी वेगळी घ्यायची.

पंचवटी_ग्राफिक्स: माझ्या साइट क्लासेसच्या आणि मंगल कार्यालयांच्या आहेत. तिथे कुठल्या ऑर्डरी?

सातपूर_आबा: चौकशीचा फॉर्म आहे ना? त्याच्या नोंदी डेटाबेसमध्ये राहत असतील तर त्याही गेल्या. नुसती माहितीची पानं असतील तर दाब बापड्या, तिथे तुझं बरोबर.

ओझर_नितीन: सोपं आहे की. मेंटेनन्स मोड लावा, आरामात करा, ऑर्डर येणारच नाही.

सातपूर_आबा: किती आराम? मेंटेनन्स मोडची `.maintenance` फाइल १० मिनिटांपेक्षा जुनी झाली की वर्डप्रेस ती मोजतच नाही, साइट आपोआप उघडते. तू अर्ध्यात, दुकान चालू. शिवाय जो यूपीआयच्या पानावर अडकलाय त्याचे पैसे जातात आणि परत येतो तर पाटी लावलेली. मी रात्री २ ला करतो. तरी एखादा निघतोच.

येवला_पैठणी: मी दुकानदार आहे, मला तुमचं सगळं कळत नाही. पण स्टेजिंगचं नाव काढू नका. आमच्या डेव्हलपरने कॉपी काढली आणि जुन्या गिऱ्हाइकांना "तुमची साडी पाठवली आहे" असे मेल गेले. कोल्हापूरच्या एक काकू तीन दिवस कुरिअरची वाट बघत होत्या. वर त्याने त्या महिन्याचे मेंटेनन्सचे पैसे घेतले. आणि होस्टिंगचा पासवर्ड मागितला तर म्हणतो, "ताई, तुम्हाला काय करायचाय?"

सातपूर_आबा: ताई, कॉपी म्हणजे गिऱ्हाइकांच्या पत्त्यांसकट कॉपी. रांगेत थांबलेली कामं ती उघडल्या उघडल्या सुरू करते. म्हणून कॉपी उघडायच्या आधीच तिच्या `mu-plugins` फोल्डरमध्ये एक फाइल टाकायची:

```
<?php
add_filter( 'pre_wp_mail', '__return_false' );
```

याने वर्डप्रेसमधून जाणारे मेल थांबतात. एसएमएस आणि कुरिअरचे निरोप त्यांच्या एपीआय चावीने थेट जातात, त्या चाव्या कॉपीतून काढायच्या. गेटवे टेस्ट मोडवर. तुमच्या माणसाने यातलं काहीच केलं नाही.

ओझर_नितीन: पासवर्डचं बोला आधी! खरा प्रश्न तो आहे. साइट ताईंची, पैसे ताईंचे, चावी दुसऱ्याच्या खिशात.

पंचवटी_ग्राफिक्स: आणि चावी दिली की भाच्याकडून थीम बदलून घेतात आणि रात्री ११ ला आम्हालाच फोन. वर्षाला पाच हजार देताना जीव जातो.

येवला_पैठणी: माझा भाचा नाही. आणि मी पाच नाही, बारा देते.

पंचवटी_ग्राफिक्स: तुम्हाला नाही म्हटलं, ताई.

येवला_पैठणी: मग कोणाला म्हटलं? दुकानदार मीच एकटी आहे इथे.

ओझर_नितीन: बारा हजारांत बॅकअपची कॉपी तरी देतो का तो तुम्हाला?

येवला_पैठणी: "सर्व्हरवर आहे" म्हणतो.

सातपूर_आबा: ज्या सर्व्हरवर साइट, त्याच सर्व्हरवर बॅकअप? घर जळालं तर विम्याचे कागदही घरातच. होस्टिंगचं खातं तुमच्या नावावर, तुमच्या मेलवर करून घ्या. त्याला त्याचं वेगळं लॉगिन द्या.

पंचवटी_ग्राफिक्स: म्हणजे उद्या त्याला काढायला मोकळ्या. आबा, तुम्ही आमच्याच पोटावर पाय देताय.

सातपूर_आबा: चावी अडवून गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर तू डेव्हलपर नाहीस, भिशीवाला आहेस.

पंचवटी_ग्राफिक्स: तोंड सांभाळून.

रविवार_कारंजा: भांडा तुम्ही. मी गेटवेचा हिशोब काढला. एक ऑर्डर सापडत नाही. एकच, १,४५० रुपयांची, रिस्टोर केलं त्याच दिवशीची. तो माणूस तेव्हा दुकानात आला होता, मोबाइलवर मेसेज दाखवत होता. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे नोंद नाही, बँकेत विचारा.

सातपूर_आबा: नंबर आहे का त्याचा?

रविवार_कारंजा: गेटवेच्या नोंदीत आहे. सकाळी करतो फोन. आणि तुमचं ते वहीचं पान एकदा टाका इथे, बघू तरी. बारीक अक्षरात नको.

ओझर_नितीन: पासवर्डचं राहिलंच.