मदत हवी आहे: XIRR सारखं #NUM! देतंय, उद्या सकाळी हिशोब दाखवायचाय

कोरा_कागद: लोकहो, दोन तास गेले यात. एका फंडात मधूनमधून पैसे टाकलेत, एकदा काढलेत, तर वर्षाला किती टक्के सुटले ते काढायचंय. तारखा A मध्ये, रकमा B मध्ये, XIRR लावलं की #NUM! येतं. दोनदा तपासलं सगळं. पैसे भावाचे आणि माझे मिळून आहेत, त्याला उद्या दाखवायचंय. काय चुकतंय?

वहीखाते: आकडे टाका ना इथे, फॉर्म्युलासकट. नुसतं "येत नाही" म्हटल्यावर काय सांगणार? काढलेली रक्कम वजा टाकलीये का?

दुपारची_शिफ्ट: XIRR च्या नादी लागूच नका. एकूण घातले किती, आता झाले किती, वर्षं किती, सीएजीआर काढा आणि मोकळे व्हा. मी कायम तेच करते.

कोरा_कागद: काढलेली वजाच आहे. हे घ्या

```
2021-01-01    100000
2022-01-01    -50000
2023-01-01    200000
=XIRR(B2:B4, A2:A4)
```

वहीखाते: आणि खात्यात आता किती आहेत? ती ओळ कुठाय?

कोरा_कागद: ते तर तिथेच आहेत, मी काढले कुठे? १ जानेवारी २०२४ ला २९२६०० होते, तिथपर्यंतचाच हिशोब हवाय.

वहीखाते: इथेच गाडी अडलीये. XIRR ला तुमचं खातं दिसत नाही, त्याला फक्त आले-गेले पैसे दिसतात. तीन लाख टाकले आणि पन्नास हजार परत आले, एवढंच त्याला कळलं, मग दर कुठून काढणार? शेवटच्या तारखेला सगळे काढून घेतले असं धरून शिल्लक लिहायची.

कोरा_कागद: टाकली ओळ, 292600. रेंज पण B5 पर्यंत केली. अजून #NUM! च!!

पक्का_हिशेब: कारण भरलेले पैसे वजा हवेत. ते वजा केल्याशिवाय XIRR चालतच नाही, हा नियमच आहे.

वहीखाते: नियम तसा नाहीये. सगळी चिन्हं उलटी केली तरी उत्तर तेच येतं, करून बघा. शिल्लक आणि काढलेले पैसे एकाच चिन्हाचे हवेत, भरलेले त्याच्या उलट, एवढंच. यांनी काढलेले वजा आणि शिल्लक अधिक टाकली, म्हणजे शिल्लक भरण्यात जाऊन बसली. पण भरलेले वजा ही सवय चांगली, खिशातून गेले ते वजा. असं करा

```
2021-01-01   -100000
2022-01-01     50000
2023-01-01   -200000
2024-01-01    292600
=XIRR(B2:B5, A2:A5)
```

कोरा_कागद: आलं! 10.00%. पण बरोबर आहे हे भावाला कसं पटवू?

वहीखाते: कागदावर चालवून दाखवा. एक लाखाचे वर्षाने १,१०,०००, त्यातले पन्नास हजार काढले, उरले ६०,०००. त्याचे ६६,०००, त्यात दोन लाख घातले, २,६६,०००. त्यावर पुन्हा दहा टक्के, बरोब्बर २,९२,६००.

दुपारची_शिफ्ट: माझ्या पद्धतीने ५.४ येतंय. निव्वळ अडीच लाख, तीन वर्षं.

वहीखाते: ताई, अडीच लाख तीन वर्षं होते कुठे? दोन लाख तर शेवटचं एकच वर्ष होते. म्हणून तुमचा दर जवळजवळ निम्मा दिसतोय.

पक्का_हिशेब: साध्या IRR ने पण १० च आलं मला, तारखांची कटकटच नाही.

वहीखाते: कारण या चारही ओळींत बरोबर एकेक वर्षाचं अंतर आहे. दोन लाखांची तारीख १ जुलै २०२२ करून बघा. XIRR ८.१ च्या आसपास येईल, तुमचं IRR दहावरून हलणार नाही, त्याला तारीख दिसतच नाही.

नवी_पाटी: मध्येच विचारते, माझे पैसे ९१ दिवसांत फक्त ६ टक्के वाढले तरी XIRR २६ टक्के दाखवतंय, बिघडलंय का?

वहीखाते: बिघडलं नाही, तोच वेग वर्षभर टिकला तर काय, ते सांगतंय. वर्षाच्या आतल्या पैशाला ६ टक्केच म्हणा.

दुपारची_शिफ्ट: मग बघा, सीएजीआर बरं की नाही!

पक्का_हिशेब: त्यानेही २६ च येईल हो, आधी आणि नंतर एकेकच रक्कम आहे ना.

कोरा_कागद: खरी फाइल ४१ ओळींची आहे, ती लावली तर #VALUE! आलं. काही तारखा डावीकडे चिकटल्यात, काही उजवीकडे, त्याचा काही संबंध?

वहीखाते: आहे ना. डावीकडच्या बहुतेक मजकूर म्हणून बसल्यात. शेजारी `=ISNUMBER(A2)` खाली ओढा, FALSE येईल त्या हाताने परत टाका. उजवीकडच्याही एकदा नजरेखालून घाला, दिवस-महिना उलटा झाला तर एरर येत नाही, उत्तर मात्र चुकतं.

कोरा_कागद: सात निघाल्या. आता ११.३ येतंय, पण फंडाच्या पत्रकात त्याच काळाचा परतावा १३ च्या वर छापलाय. तारखा परत बघितल्या, ठीक आहेत.

पक्का_हिशेब: तुमची कुठलीतरी ओळ राहिली असणार.

वहीखाते: असेलही. पण पत्रकातला दर फंडाचा असतो, तुम्ही कधी किती टाकले याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. चांगल्या काळात तुमचे पैसे कमी असतील तर तुमचा दर कमीच येणार. दोन्ही बरोबर असू शकतात. ४१ ओळी बघितल्याशिवाय यापुढे सांगता येणार नाही.

कोरा_कागद: रकमा झाकून टाकू का इथे? की नुसत्या तारखा चालतील?