मदत हवी आहे: थायरॉइडची एकच गाठ, लाँग केसमध्ये निदान कसं मांडायचं?

केस अशी धरा: ४२ वर्षांची बाई, उजव्या लोबमध्ये ३ × २.५ सेंमीची घट्ट गाठ. गिळताना वर सरकते, जीभ बाहेर काढल्यावर नाही. खालची कड हाताला लागते, आवाज ठीक, मानेत लिंफ नोड नाहीत, नाडी ७८, हाताला कंप नाही.

मी निदान 'सॉलिटरी नोड्यूल, युथायरॉइड, दाबाची लक्षणं नाहीत' असं मांडतो. डिफरन्शियलमध्ये आधी मल्टीनोड्युलर गॉइटरमधली ठळक गाठ, मग अ‍ॅडेनोमा, सिस्ट, कार्सिनोमा. हा क्रम बरोबर आहे का? की घट्टपणामुळे कार्सिनोमा आधी घ्यावा?

तपासण्यांत टीएसएच पहिली. ती कमी आली तरच आयसोटोप स्कॅन. नाहीतर सोनोग्राफी आणि एफएनएसी. स्कॅन सरसकट सांगितला की परीक्षक तिथेच पकडतात.

खरी अडचण पुढे आहे. एफएनएसीत 'फॉलिक्युलर निओप्लाझम' आलं, तर पेशींवरून अ‍ॅडेनोमा की कार्सिनोमा ते कळत नाही, कारण कॅप्सूल किंवा रक्तवाहिनीत शिरकाव आहे का, हे अख्खी गाठ कापूनच दिसतं. म्हणून मी हेमिथायरॉइडेक्टॉमी सांगतो. त्यावर 'फ्रोझन सेक्शन का नाही?' विचारलं, तर नेमकं काय उत्तर देता?