पानावरचा थर रंगावरून ओळखायचा की पुसून बघायचा?

जास्वंदवेडी:
जास्वंदीच्या खालच्या पानांवर वरच्या बाजूने काळा थर चढलाय. शेंड्याकडे, पान जिथून फुटतं त्या बेचक्यात, पांढरं पिठासारखं काहीतरी आहे. मला वाटतं आधी भुरी आली आणि जुनी होऊन काळी पडली. घरचे म्हणतात, दोन वेगळे रोग आहेत. गंधक फवारून झालं, फरक शून्य. हे रंगावरून ठरवता येतं ना?

हिरवा कोपरा:
येतं की. पांढरं म्हणजे भुरी, नारिंगी-तपकिरी म्हणजे तांबेरा, काळं म्हणजे काजळी. तुमच्याकडे भुरी आणि काजळी दोन्ही दिसतात. गंधक आणखी एकदा मारा, या वेळी पानाच्या खालूनही.

पानपरीक्षक:
गंधक मारू नका, थांबा. जुनी भुरी मळकट राखाडी होते, तिच्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपकेही येतात, पण काळा सलग थर होत नाही. रंग नंतर बघू, आधी हे दोन्ही थर झाडावर कुठे आहेत ते बघा.

भुरी पानाच्या सपाट भागावर गोल ठिपक्यांनी सुरू होते आणि पसरत एकमेकांत मिसळते. बेचक्यात गोळा होऊन बसणं हा तिचा स्वभाव नाही. ते काम पिठ्या ढेकणाचं. एक गोळा काडीने दाबून बघा. कापसासारखा चिकट तंतू ओढला गेला आणि आतून रंगीत रस निघाला तर ती कीड आहे, बुरशी नाही.

आता काळं. ते खालच्या पानांच्या वरच्याच बाजूला का? कारण वरच्या फांदीवरची कीड रस शोषते आणि गोड चिकट पाणी खाली टाकते. ते जिथे पडतं तिथे काजळी वाढते. ती पानात शिरत नाही, पानातलं काही खात नाही, तिचं सगळं जगणं त्या साखरेवर. कीड वर चालू आहे तोवर साखर पडत राहणार, म्हणून गंधकाने फरक पडला नाही. खोडावर मुंग्यांची रांग आहे का तेही बघा.

बाल्कनीकर:
एवढा खटाटोप कशाला? ओला कापूस घ्या. पुसून गेलं तर काजळी, नाही गेलं तर रोग. मी कायम असंच ओळखतो.

पानपरीक्षक:
कापूस बरोबर आहे, निष्कर्ष अर्धा आहे. भुरीही पुसली जाते, कारण तिचं जाळं पानाच्या वर असतं, फक्त तिची बारीक मुळं वरच्या पेशींमध्ये घुसलेली असतात. म्हणून पुसल्यावर खाली काय उरतं ते बघायचं. काजळीखाली पान हिरवंगार, तुकतुकीत निघतं. सुकलेली काजळी तर पापुद्र्यासारखी आपोआप सुटते. भुरीखाली बहुतेक वेळा फिकट पिवळट किंवा तपकिरी डाग दिसतो, आणि थोड्या दिवसांत त्याच जागी पांढरं परत येतं. काजळी परत येते ती वरून पुन्हा चिकट पडलं तरच.

चाफा_चाहता:
म्हणजे माझ्या चाफ्याचीही काजळीच समजायची का? पानाच्या खालच्या बाजूला पिवळी-नारिंगी पूड आहे, बोटाला लागते, पुसली की जाते. वरून पानावर पिवळे ठिपके आहेत.

पानपरीक्षक:
नाही, हा तांबेरा. पूड बोटाला आली म्हणून थर वरचा ठरत नाही. ही पूड पानाच्या आतून, कातडी फोडून बाहेर आलेली असते. पान उजेडात धरा आणि भिंगातून बघा: प्रत्येक ठिपका किंचित वर आलेला फोड असतो, त्याच्या कडेला फाटलेली कातडी दिसते. पूड झटकली तरी खळगा राहतो. वरच्या बाजूचे पिवळे ठिपके बरोबर त्या फोडांच्या पाठीवर येतात, तेही जुळवून बघा. जास्त फोड असलेली पानं काढा, खाली गळलेलीही उचला, आणि पाणी देताना पानं ओली करू नका. तांबेऱ्याच्या बीजाणूला रुजायला पानावर काही तास ओल लागते. भुरीला तशी लागत नाही, तिला हवेतला दमटपणा पुरतो.

हिरवा कोपरा:
हे सगळं कुंडीतल्या चार झाडांना ठीक. शेतात उभं राहून प्रत्येक पान कोण पुसत बसणार? लांबून रंग दिसतो, तेवढ्यावर निर्णय घ्यावाच लागतो. आणि नारिंगी पूड पाहून तांबेरा म्हटलं तर चूक कुठे होते?

पानपरीक्षक:
नारिंगीला तुमचं म्हणणं मला मान्य आहे, तिथे रंग सहसा दगा देत नाही. अडचण पांढऱ्याची. मोहरीच्या किंवा राजगिऱ्याच्या पानाखाली चकचकीत पांढरे फोड येतात, तो पांढरा तांबेरा. नावात तांबेरा असला तरी तो खऱ्या तांबेऱ्याच्या कुळातला नाही, भुरी तर नाहीच. भोपळ्याच्या काही वाणांत शिरांच्या कडेने जन्मतःच चंदेरी डाग असतात, ते पुसून जातच नाहीत. शेतातही चार-पाच ठिकाणची एकेक पानं पुसायला फार वेळ लागत नाही, आणि चुकीचं औषध मारण्यापेक्षा ते परवडतं.

मिरचीवाला:
मग माझ्या ढोबळी मिरचीचं काय? वरून पिवळे चट्टे, खाली पांढरी पूड. तुमच्या हिशेबाने हा तांबेरा झाला, पण सगळे भुरी म्हणतात.

पानपरीक्षक:
सगळे बरोबर आहेत. मिरचीवरची भुरी पानाच्या आत वाढते आणि पानाखालून पूड बाहेर काढते, म्हणून वर पिवळं दिसतं. तिथे माझा ‘भुरी वर बसते’ हा नियम तुटतो. फरक फोडांचा: भुरीत पूड पसरट असते, कातडी फाटलेले उंचवटे नसतात.

जास्वंदवेडी:
गोळा दाबला, नारिंगीसर रस निघाला. मुंग्याही आहेत. काळं ओल्या फडक्याने निघालं, खाली पान हिरवं. आता कडुनिंबाचं तेल आजच मारू का?

पानपरीक्षक:
आज नको. गंधक मारून 2 आठवडे झाले नसतील तर तेल आणि गंधक मिळून पानं करपवतात. तोवर पाण्याच्या जोरदार धारेने बेचकी धुवा, उरलेले गोळे कापसाने काढा, मुंग्यांची वाट बंद करा. मुंग्या त्या किडीला तिच्या शत्रूंपासून राखतात, म्हणून त्यांना सोडून काम होत नाही. गोळ्यांमधली अंडी वाचतात, त्यामुळे आठवड्याने पुन्हा तपासा. जुना काळा थर लगेच जाणार नाही. नवीन पानं स्वच्छ आली की काम झालं समजा.

बाल्कनीकर:
काळी पानं तोडून का टाकू नयेत? पान उजेड घेऊ शकत नसेल तर ठेवून काय उपयोग?

पानपरीक्षक:
दाट थर असेल तर पानाला उजेड कमी मिळतो, हे खरं. पण पुसलं की तेच पान पुन्हा कामाला लागतं. पूर्ण पिवळी पडलेली तेवढीच तोडा, असं माझं मत.

बाल्कनीकर:
मी तरी तोडतो. किडीचे गोळे लपायला तेवढीच कमी जागा.

जास्वंदवेडी:
एक शंका राहिली. एका कोवळ्या पानावर मधोमध पांढरट गोल डाग आहे. तो बेचक्यात नाही, सपाट भागावर आहे.

हिरवा कोपरा:
बघा, भुरीही आहे म्हणून मी आधीच म्हटलं होतं.

पानपरीक्षक:
असू शकते, किंवा वाळलेल्या गंधकाचा डाग असेल. पुसू नका. डागाच्या कडेने बॉलपेनने हलकी रेघ मारा आणि आठवडाभर पान कोरडं ठेवा. पांढरं रेघेबाहेर सरकलं तर भुरी, जागच्या जागी राहिलं तर गंधक. काय होतं ते लिहा.