चंद्राच्या कला: प्रश्न आहेत, आकृतीच गायब. मदत हवी आहे

सातवीची_आई: उद्या लेकीची चाचणी आहे. सरावप्रश्नांच्या झेरॉक्सवर आकृतीच्या जागी नुसता काळा डाग आलाय. अ, ब, क, ड अशा चंद्राच्या चार जागा होत्या म्हणे. ब जागी कोणती कला दिसेल? लवकर सांगा.

गच्चीवरून: सूर्य कोणत्या बाजूला होता? बाकीचे प्रश्न काय आहेत?

आबा_६२: आकृतीत सूर्य नेहमी उजवीकडेच असतो. सगळ्यात वरची जागा म्हणजे शुद्ध अष्टमी.

गच्चीवरून: आबा, नेहमी नाही. डावीकडे सूर्य काढलेल्या आकृत्याही असतात. तिथे वरची जागा वद्य अष्टमीची होते. शिवाय ब वर होता की खाली, हेच कुठे माहीत आहे?

सातवीची_आई: सूर्याचं तिला आठवत नाही. मागे उत्तरं आहेत: १) अ जागी अमावस्या. २) ड जागचा चंद्र मध्यरात्री उगवतो. ४) चंद्रग्रहण क जागी. तिसरं, ब चं, नेमकं कापलं गेलंय.

गच्चीवरून: हे आधी सांगायचं ना ताई! मग आकृतीची गरजच नाही. मध्यरात्री उगवतो तो वद्य अष्टमीचा चंद्र. गोकुळाष्टमीला कृष्णजन्माच्या सुमारास उगवतो तोच, म्हणून ड तिथे. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं, म्हणून क पौर्णिमा. अ अमावस्या. उरली शुद्ध अष्टमी, ती ब. अर्धा चंद्र, दुपारी उगवतो, मध्यरात्री मावळतो.

मीनल_चिपळूण: अर्धा दिसतो कारण पृथ्वीची सावली पडते, हेही लिहायला सांगा.

गच्चीवरून: नको, तेच चुकतं! सावली फक्त ग्रहणात पडते. अष्टमीला चंद्राचा उजेडातला अर्धा भाग आपल्याला कडेने दिसतो. अंधाऱ्या खोलीत दिवा लावून, हातात चेंडू धरून तिला स्वतःभोवती फिरू द्या. चेंडू डोक्याच्या थोडा वर धरला की डोक्याची सावली त्यावर पडत नाही.

सातवीची_आई: केलं. दिवा एका खांद्याच्या बाजूला आला की चेंडू अर्धा उजळलेला दिसतो, ते तिला पटलं. पण पुढचा प्रश्न आहे, क जागी दर महिन्याला ग्रहण का नाही?

गच्चीवरून: चेंडू वर धरला होता, तेच कारण. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून जातो. सपाट कागदावर हा कल दिसतच नाही. आकृती असती तरी तिथे ती फसवीच ठरली असती.

मीनल_चिपळूण: ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास ग्रहण आमच्याकडे ढगांमुळे दिसलंच नाही. मोबाईलने फोटो काढायला कोणतं सेटिंग ठेवतात?

सातवीची_आई: आता एकच. ब जागी चंद्राची उजेडाची बाजू डावी की उजवी, असंही विचारलंय.

आबा_६२: उजवी. दक्षिणेकडे तोंड करून संध्याकाळी बघा, उजेड पश्चिमेच्या बाजूला असतो.

गच्चीवरून: आकाशातलं म्हणाल तर आबा बरोबर आहेत. पण आकृतीतलं विचारलं असेल तर सूर्य ज्या बाजूला, ती बाजू उजेडाची. ते त्या काळ्या डागाखालीच आहे. वर्गातल्या कुणाची प्रत स्वच्छ आली आहे का, तेवढं विचारा.